क्रेडिट कार्डावर ‘थोडीशी बाकी’ ठेवण्याची सवय वर्षाला नेमकी कितीला पडते?

मी जवळपास दोन वर्षं क्रेडिट कार्डाचं बिल ‘जवळजवळ पूर्ण’ भरत होतो. दर महिन्याला साधारण तीस हजारांचा खर्च कार्डावर व्हायचा आणि तेवढेच पैसे मी भरायचो. पण एकदा लॅपटॉप बिघडला, नवीन घ्यावा लागला, आणि तेव्हापासून वीस हजारांची बाकी कार्डावर राहून गेली. ती वाढत नव्हती, कमीही होत नव्हती. ‘मिनिमम’च्या कितीतरी पट रक्कम मी भरत होतो, त्यामुळे लेट फी नाही, बँकेचा फोन नाही, क्रेडिट स्कोअरही बरा. मनात हिशोब सोपा होता: कार्डाचा व्याजदर महिना ३.५%, वीस हजारांवर ₹७०० व्याज. महिन्याला एका पिक्चरचा आणि जेवणाचा खर्च, ठीक आहे, चालतंय.

मग एकदा बिलाची पीडीएफ नीट उघडून पाहिली. व्याजाच्या ओळीत ₹२,०९२ होते. त्याखाली जीएसटी ₹३७७. म्हणजे ₹७०० च्या जागी ₹२,४६९. मला वाटलं बँकेची चूक झाली. कस्टमर केअरला फोन केला, तक्रार टाकली, आणि उत्तर आलं की हिशोब बरोबर आहे. चिडून मी स्वतः मांडायला बसलो, आणि खरंच बरोबर निघाला. चूक माझ्या समजुतीत होती. ती समजूत बऱ्याच जणांची असते, म्हणून आज तोच हिशोब सगळ्या पायऱ्यांसकट मांडतो.

आधी बँक सांगते तो दर नीट वाचू

बँक महिन्याचा दर ठळक सांगते, कारण ३.५% हा आकडा छोटा दिसतो. त्याला बाराने गुणलं की वर्षाचा दर ४२% होतो. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार हा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, बँकेला सांगावाच लागतो, त्यामुळे तुमच्या बिलात किंवा कार्डाच्या अटींमध्ये तो सापडेल.

व्याजावर १८% जीएसटी लागतो. ४२ वर १८% धरले की ४९.५६%. म्हणजे व्याज आणि कर मिळून दर जवळपास ५०% झाला. इथपर्यंतचं गणित अनेकांना माहीत असतं. वीस हजारांवर ५०% म्हणजे वर्षाला दहा हजार, महिन्याला सव्वाआठशेच्या आसपास. पण माझ्या बिलात त्याच्या तिप्पट रक्कम होती. ती कुठून आली?

दर बरोबर आहे, पण कशावर?

क्रेडिट कार्डाची सगळी गंमत बिनव्याजी मुदतीत असते. तुम्ही ३ तारखेला खरेदी केली आणि बिल पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरलं, तरी व्याज लागत नाही. पण ही सवलत एका अटीवर मिळते: मागचं बिल पूर्ण भरलेलं असलं पाहिजे. मागच्या बिलातली काही बाकी राहिली, तर सवलत स्थगित होते. फक्त त्या बाकीपुरती नाही, नवीन खरेदीचीसुद्धा. मग नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं, आणि जी रक्कम तुम्ही २० तारखेला भरणारच आहात तिच्यावरही ती भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज लागतं.

म्हणजे मी वीस हजारांवर व्याज देतोय असं समजत होतो, आणि प्रत्यक्षात कार्डावरच्या प्रत्येक चहा-नाश्त्यावर देत होतो.

माझा नोव्हेंबर महिना, दिवसागणिक

माझं बिल महिन्याच्या शेवटच्या दिवशी बनतं आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची २०. नोव्हेंबर सुरू झाला तेव्हा खरेदीचे ₹५०,००० बाकी होते: जुने वीस हजार आणि ऑक्टोबरच्या खर्चाचे तीस हजार. २० तारखेला मी तीस हजार आणि तोवरचं व्याज-जीएसटी भरलं. उरले वीस हजार. मधल्या काळात नवीन खर्च चालूच होता: ३ तारखेला ₹१२,०००, १० तारखेला ₹१०,००० आणि २२ तारखेला ₹८,०००.

बँक रोजच्या बाकीवर व्याज मोजते. म्हणून प्रत्येक रक्कम किती दिवस कार्डावर होती ते पाहायचं, आणि रक्कम गुणिले दिवस करायचं:

- ₹५०,००० × २० दिवस = १०,००,०००
- ₹२०,००० × १० दिवस = २,००,०००
- ₹१२,००० × २८ दिवस = ३,३६,०००
- ₹१०,००० × २१ दिवस = २,१०,०००
- ₹८,००० × ९ दिवस = ७२,०००

बेरीज १८,१८,०००. याला एका दिवसाचा दर लावायचा, म्हणजे ४२% भागिले ३६५. उत्तर येतं ₹२,०९२. त्यावर १८% जीएसटी ₹३७७. एकूण ₹२,४६९. बिलातला आकडा तंतोतंत जुळला.

आता १८,१८,००० ला ३० दिवसांनी भागून बघा: ₹६०,६००. माझ्या कार्डावर सरासरी रोज एवढी रक्कम व्याजाखाली होती. बँकेचा ४२% दर खोटा नव्हता. तो फक्त वीस हजारांवर नाही, साठ हजारांवर लागत होता.

मग खरा वार्षिक दर कोणता?

इथे दोन उत्तरं देता येतात, आणि दोन्ही समजून घ्यायला हवीत.

बँकेच्या बाजूने पाहिलं तर माझ्याकडे सरासरी ₹६०,६०० होते आणि त्यावर जीएसटीसकट साधारण ४९% वर्षाला पडले. बरोबर आहे.

पण माझ्या बाजूने प्रश्न वेगळा आहे. मी नेमके किती पैसे भरले असते, तर हा सगळा खर्च थांबला असता? उत्तर आहे वीस हजार, फक्त एकदाच. कारण त्यानंतर माझा तीस हजारांचा मासिक खर्च पुन्हा बिनव्याजी झाला असता. म्हणजे ते वीस हजार न भरण्याची किंमत, असेच बारा महिने धरले तर, ₹२,४६९ × १२ = ₹२९,६२८. वीस हजारांवर वर्षाला एकोणतीस हजार सहाशे. टक्केवारीत १४८%.

सवयीची खरी किंमत हीच. नवीन घेतलेला लॅपटॉप मी दर वर्षी दीड वेळा पुन्हा विकत घेत होतो असं म्हणा.

आता मला लाज वाटते ती गोष्ट सांगतो. त्याच काळात माझ्या सेव्हिंग खात्यात ₹३५,००० पडून होते. ‘अडीअडचणीला असू देत’ म्हणून मी त्यांना हात लावत नव्हतो. खात्यावर ३% धरलं, तरी त्यातल्या वीस हजारांवर वर्षाला ₹६०० मिळतात. सहाशे रुपये मिळवण्यासाठी मी एकोणतीस हजार घालवत होतो. आणि रिवॉर्ड पॉइंट? माझ्या कार्डावर शंभर रुपयांना २५ पैसे, म्हणजे तीस हजारांच्या खर्चावर महिन्याला ₹७५. त्या ७५ रुपयांसाठी मी खर्च मुद्दाम कार्डावरून करायचो.

‘बाकी कमी करत आणू’ हा विचार इथे फसतो

हिशोब कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला की हळूहळू बाकी कमी करू. वीस हजारांची दोन हजारांवर आणली की व्याजही दहावा भाग होईल. तसं होत नाही. वरच्या यादीत फक्त पहिल्या दोन ओळी बदला:

- ₹३२,००० × २० दिवस = ६,४०,०००
- ₹२,००० × १० दिवस = २०,०००
- नवीन खरेदीच्या तीन ओळी तशाच = ६,१८,०००

बेरीज १२,७८,०००. व्याज ₹१,४७१, जीएसटी ₹२६५, एकूण ₹१,७३६. म्हणजे फक्त दोन हजारांची बाकी ठेवली तरी महिन्याला ₹१,७३६ जातात! वर्षाला वीस हजार आठशेहून जास्त. बाकी दहापट कमी झाली, आणि खर्च तीस टक्केही कमी झाला नाही.

कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल. व्याजाचा मोठा भाग जुन्या बाकीवर नाही, तर सवलत गेलेल्या चालू खर्चावर आहे. बाकी वीस हजार असो की दोन हजार, सवलत दोन्हीकडे जाते. बाकी शून्यावर आली तरच ती परत मिळते. म्हणून बिलाचे शेवटचे दोन हजार हे सगळ्यात महागडे दोन हजार असतात. मित्राकडून उसने घ्या, पुढच्या आठवड्यातली खरेदी थांबवा, पण ते भरा.

तुमचा आकडा मोबाइलवर कसा काढाल?

सोपी पद्धत आधी. बँकेच्या अॅपमध्ये बिलांचा विभाग उघडा आणि मागच्या बारा बिलांच्या पीडीएफ उतरवून घ्या. प्रत्येक बिलात तीन गोष्टी शोधा: व्याज (बहुतेक बिलांत `Finance Charges` किंवा `Interest` नावाने असतं), त्यावरचा जीएसटी (`IGST` किंवा `CGST` आणि `SGST`), आणि लेट फी असेल तर ती. बारा महिन्यांची बेरीज करा. मग दर महिन्याला बिल भरल्यावर किती रक्कम मागे ठेवत होता, तिची सरासरी काढा. बेरीज भागिले सरासरी गुणिले शंभर, हा तुमच्या सवयीचा खरा वार्षिक दर. या पद्धतीत काहीच गृहीत धरावं लागत नाही, कारण पैसे प्रत्यक्षात गेलेले आहेत.

एक काळजी घ्या. व्याज बिलात कधीकधी एकाच ओळीत येत नाही, व्यवहारांच्या यादीत मधेच दोन-तीन ओळींत विखुरलेलं असतं. अॅपच्या मुख्य पानावर तर ते दिसतच नाही. तिथे फक्त एकूण देय रक्कम आणि किमान रक्कम दिसते. मला दोन वर्षं कळलं नाही ते याचमुळे.

पुढच्या महिन्याचा अंदाज हवा असेल, तर गूगल शीट्समध्ये B रकान्यात रकमा आणि C रकान्यात दिवस लिहा. माझ्या पाच ओळी B2 ते B6 मध्ये आहेत असं धरून हे सूत्र टाका:

```
=SUMPRODUCT(B2:B6,C2:C6)*0.035*12/365*1.18
```

`0.035` च्या जागी तुमच्या कार्डाचा मासिक दर घाला. ३.७५% असेल तर `0.0375`. उत्तर बिलाशी थोडंफार चुकलं तर काळजी नको. पैसे जमा झाले तो दिवस बँक मोजते की नाही, खरेदीची तारीख धरते की खात्यावर नोंद झाल्याची, यावर एखाद्या दिवसाचा फरक पडतो. पण शेकड्यांत फरक आला तर कार्डाच्या महत्त्वाच्या अटींची पीडीएफ उघडा. ती `MITC` नावाने मिळते आणि तिच्यात व्याज कसं मोजतात याचं उदाहरण दिलेलं असतं. सगळ्या बँकांची पद्धत शब्दशः एकसारखी नसते. तुमच्या कार्डाला तुमच्या बँकेचं उदाहरण लागू. आणखी एक गोष्ट तपासा: न भरलेली फी किंवा कर मूळ रकमेत मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तसं दिसलं तर तक्रार नक्की करा.

काही जण विचारतात, इतक्या व्याजाला कायद्याची मर्यादा नाही का? २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३०% च्या वरचा दर अनुचित ठरवला होता. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्यामुळे त्या ३०% च्या भरवशावर राहू नका.

बाहेर पडताना: तारखेची वाट पाहू नका

मी ३० नोव्हेंबरचं बिल हातात आल्यावर ठरवलं. एकूण देय होते ₹५२,४६९. पगार नुकताच जमा झाला होता. त्यातून नेहमीचे साडेबत्तीस हजार आणि सेव्हिंगमधले वीस हजार असे २ डिसेंबरलाच भरून टाकले.

शेवटची तारीख २० होती, मग घाई कशाला? कारण बाकी ठेवणाऱ्यासाठी शेवटच्या तारखेला काही अर्थ नसतो, व्याज रोज चालू असतं. २० तारखेपर्यंत थांबलो असतो तर ₹५०,००० वर वीस दिवसांचे, जीएसटीसकट ₹१,३५८ आणखी गेले असते. दोनच दिवसांत भरल्यामुळे ₹१३६ वर भागलं.

हे ₹१३६ डिसेंबरच्या बिलात आले. पूर्ण भरूनही व्याज आलं म्हणून तुम्ही पुन्हा बँकेवर चिडाल. ती चूक नसते. बिल बनल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते उरलेलं व्याज असतं. तेही भरा. ‘एवढंसं तर आहे’ म्हणून सोडलं, तर पुन्हा मागच्या बिलाची बाकी राहिली आणि सवलत परत गेली. माझ्या कार्डावर डिसेंबरच्या खरेदीपासून सवलत लगेच सुरू झाली. तुमच्या कार्डावर ती कधी परत मिळते ते त्याच `MITC` मध्ये पाहा, आणि तोवर रोजचा खर्च जमेल तितका यूपीआयने करा. लागोपाठ दोन बिलांत व्याजाची ओळ शून्य दिसली, की तुम्ही बाहेर पडलात असं समजा.

बचतच नसेल तर? तेव्हा बाकीचे ईएमआय करून घेण्याचा पर्याय बघता येतो. फक्त दोन गोष्टी विचारा: प्रोसेसिंग फी आणि जीएसटी धरून एकूण किती जादा पैसे जाणार, आणि ईएमआय चालू असताना नवीन खरेदीवर बिनव्याजी सवलत मिळणार का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर तुलना ४२% शी करू नका. वर काढलेल्या तुमच्या खऱ्या दराशी करा. माझ्यासाठी तो १४८% होता.

माझ्या सेव्हिंगमध्ये त्या दिवशी पंधरा हजार उरले होते आणि थोडी धाकधूक वाटली. पण दर महिन्याला वाचणारे ₹२,४६९ मी तिकडेच वळवले. नऊ महिन्यांत पुन्हा पस्तीस हजारांच्या वर गेलो. पूर्वी तेच पैसे बिलाच्या तिसऱ्या पानावर, कुणी वाचत नाही अशा एका ओळीत जात होते. आज तुमच्या बिलाचं ते पान उघडा.